लिंक्डइनचं फीड तुमची पोस्ट कुणाला दाखवतं? नव्याने लिहिणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने

लिंक्डइनवर लिहायला लागलेला प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो: "पोस्ट किती वाजता टाकू?" दुसरा प्रश्न: "फोटो टाकू की पीडीएफ?" दोन्ही रास्त आहेत, पण त्यांच्या आधीचा प्रश्न कुणी विचारत नाही. ही पोस्ट आधी कुणाच्या स्क्रीनवर जाणार, आणि तो माणूस तिच्यापाशी थांबणार का?

मुंबईतल्या छोट्या सल्लागार मंडळींना (आर्किटेक्ट, ऑडिटर, इंजिनिअर) लिहायला मदत करणं हे माझं काम. त्यातलं एकच उदाहरण इथे शेवटपर्यंत घेते. मुलुंडची माझी एक मैत्रीण स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. जुन्या सोसायट्यांचं स्ट्रक्चरल ऑडिट करते. तिला लाखभर लोकांपर्यंत पोचायचं नाहीये. तिला हवेत पीएमसीवाले, म्हणजे दुरुस्ती-बांधकामाचे प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, आर्किटेक्ट, मोठ्या संकुलांचे फॅसिलिटी मॅनेजर आणि रीडेव्हलपमेंटची कामं बघणारे वकील. कामं याच लोकांकडून येतात. तुमचा व्यवसाय वेगळा असेल, पण पायऱ्या याच.

## जवळ काय हवं

- लॅपटॉप किंवा डेस्कटॉप. पायरी २ मोबाईलवर त्रासदायक होते.
- एक्सेल किंवा गूगल शीट्स.
- प्रोफाइलमधली नावाखालची ओळ स्वच्छ लिहिलेली: काय काम करता, कुठे करता.
- कामावरचे स्वतः काढलेले फोटो. त्यात सोसायटीचं नाव, फ्लॅट नंबर, गाडीची नंबरप्लेट दिसत नाही ना, हे तपासून घ्या.
- पोस्ट टाकल्यावर कॉमेंटना उत्तर द्यायला मोकळा वेळ.

पैसे भरून घ्यायचं प्रीमियम खातं यातल्या कशालाच लागत नाही.

## १. आधी तुमचंच फीड वाचा

मोबाईलवर लिंक्डइन उघडा आणि पहिल्या पंधरा-वीस पोस्ट नुसत्या बघा. वाचू नका. प्रत्येक पोस्टवरची बारीक ओळ बघा. कुठे दिसेल की तुमच्या ओळखीच्या अमुक माणसाने यावर कॉमेंट केली आहे. कुठे Suggested असेल. वेळेच्या जागी कुठे तासांचा आकडा, कुठे 3d, कुठे 1w. म्हणजे आठवड्यापूर्वीची पोस्ट तुमच्यासमोर आज आली आहे आणि तासापूर्वीची कदाचित आलेलीच नाही.

फीड ही कालक्रमाने लावलेली यादी नव्हे. कुणी ॲप उघडलं की त्या एका माणसासाठी, त्या क्षणी, यादी नव्याने तयार होते. तुमची पोस्ट एकदाच परीक्षेला बसून पास किंवा नापास होत नाही. जितके लोक ॲप उघडतात तितक्या वेळा तिची दुसऱ्या पोस्टांशी स्पर्धा होते, आणि प्रत्येकाच्या स्क्रीनवर निकाल वेगळा लागतो.

लिंक्डइनच्या इंजिनिअरांनी वेळोवेळी जे प्रसिद्ध केलं आहे, त्यावरून साधारण क्रम असा. पोस्ट टाकली की आधी यंत्र तिला ढोबळ खणांत टाकतं: स्पॅम, कमी दर्जाची, ठीक. मग कुणी ॲप उघडलं की त्याच्यासाठी उमेदवार पोस्ट गोळा होतात. त्याच्या ओळखीच्यांच्या, तो फॉलो करतो त्यांच्या, ओळखीच्यांनी कॉमेंट केलेल्या, आणि त्याच्या आवडीवरून बाहेरून सुचवलेल्या. त्यांची चाळणी होते. उरलेल्या प्रत्येक पोस्टसाठी मॉडेल अंदाज बांधतं: हा माणूस यावर कॉमेंट करेल का, लाईक करेल का, पुढे पाठवेल का, जास्त वेळ थांबेल का, की सरकवून निघून जाईल? या अंदाजांची वजनं घालून बेरीज होते आणि त्या क्रमाने पोस्टा लागतात. शेवटी एकाच माणसाच्या पोस्टा लागोपाठ येऊ नयेत, अशा प्रकारची थोडी जुळवाजुळव.

सापळा: "एक कॉमेंट म्हणजे इतके लाईक" असे तक्ते व्हॉट्सॲपवर फिरत असतात. ही वजनं लिंक्डइनने जाहीर केलेली नाहीत, आणि ती बदलत राहतात. असा तक्ता विकत देणारा कोर्स घेऊ नका.

हा क्रम समजला की एक गोष्ट लक्षात येते. अंदाज माणसागणिक आहेत. माझ्या मैत्रिणीची तीच पोस्ट ठाण्यातल्या फॅसिलिटी मॅनेजरच्या यादीत वर लागू शकते आणि बंगळुरूत कोडिंग करणाऱ्या तिच्या वर्गमित्राच्या यादीत तळाला जाऊ शकते. म्हणून पुढची पायरी.

## २. तुमची कनेक्शन यादी उतरवून घ्या आणि मोजा

ही पायरी जवळपास सगळे वगळतात. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक हिनेच पडतो.

डेस्कटॉपवर Settings & Privacy उघडा, त्यात Data privacy, त्यात Get a copy of your data. तिथे सगळा डेटा मागू नका, फक्त Connections वर खूण करा. थोड्या वेळाने ईमेल येतो आणि Connections.csv नावाची फाइल मिळते. उघडल्यावर वर काही ओळींची सूचना असते, ती काढून टाका. खाली नाव, कंपनी, पद आणि जोडले गेल्याची तारीख असे रकाने दिसतील. पदाचा रकाना Position. तो F मध्ये असेल तर F सोडून दुसऱ्या एखाद्या रिकाम्या रकान्यात हे लिहा:

```
=COUNTIF(F:F,"*architect*")
=COUNTIF(F:F,"*facilit*")
=COUNTIF(F:F,"*software*")
```

architect च्या आकड्यात आयटीतले Software Architect वगैरेही मिसळतात, ते बघून वजा करा. मैत्रिणीच्या यादीत काय निघालं असेल, तुम्ही ओळखलंच. कॉलेजचे वर्गमित्र, त्यातले निम्मेअधिक आयटीत, बरेचसे परदेशात. त्याखालोखाल नोकरी शोधत असताना जोडलेले एचआरवाले. मग अनोळखी विद्यार्थी, "प्लीज कनेक्ट" म्हणणारे. आर्किटेक्ट हाताच्या बोटांवर मोजावेत इतके, आणि फॅसिलिटी मॅनेजर जवळपास शून्य.

ती म्हणाली, "अगं, पण माझ्या वर्क ॲनिव्हर्सरीच्या पोस्टला केवढे लाईक आले होते! ऑडिटवर लिहिलं की चिटपाखरू फिरकत नाही. लिंक्डइनला कामाचं लिहिलेलं नकोच असतं."

लिंक्डइनला काय हवंय याच्याशी त्याचा संबंध नव्हता. अभिनंदनाची पोस्ट वर्गमित्रांसाठी होती, ते थांबले, लाईक देऊन गेले. गंजलेल्या सळईची पोस्टही आधी त्याच वर्गमित्रांपुढे गेली. ते कशाला थांबतील? सरकवून पुढे गेले. मॉडेलने त्यातून इतकंच टिपलं, की ही बाई असं काही लिहिते तेव्हा ही माणसं थांबत नाहीत.

लिंक्डइनच्या संपादकीय आणि फीड विभागांच्या प्रमुखांनी २०२३ मध्ये जाहीर मुलाखतीत दोन बदल सांगितले होते. एक, पोस्ट आधी लेखकाच्या स्वतःच्या फॉलोअर्सना अधिक दाखवली जाईल. दोन, ज्ञान किंवा सल्ला देणारं लिखाण अनोळखी पण संबंधित लोकांपर्यंत जाईल, आणि लेखक त्या विषयातला जाणकार आहे का हेही त्यात पाहिलं जाईल. मैत्रिणीसाठी पहिला बदल गैरसोयीचा, दुसरा सोयीचा. तिचे फॉलोअर चुकीचे आहेत, पण विषय आणि प्रोफाइल जुळत असेल तर बाहेरचं दार उघडं आहे.

मग आम्ही काय केलं? जुनी कनेक्शनं तोडली नाहीत, त्याची गरज नसते. तिने ज्यांच्यासोबत प्रत्यक्ष काम केलं होतं त्या पीएमसी, आर्किटेक्ट, वॉटरप्रूफिंग ठेकेदार अशा लोकांना एकेक करून शोधलं. सोबत दोन ओळींचा निरोप: "भांडुपच्या कामावर आपली भेट झाली होती. मी ऑडिटबद्दल इथे लिहीत असते." नावाखालची ओळही बदलली. आधी तिथे "पॅशनेट इंजिनिअर, लाइफलाँग लर्नर" असं काहीतरी होतं, आता "जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट, मुंबई-ठाणे" आहे.

सापळा: शंभर-शंभर अनोळखी लोकांना एका बैठकीत विनंत्या पाठवू नका. लिंक्डइन त्यावर बंधन घालतं. शिवाय न ओळखणारा माणूस तुमची पोस्ट सरकवूनच जातो, म्हणजे आपणच आपली यादी पुन्हा बिघडवायची.

## ३. पहिल्या तीन ओळींवर मेहनत घ्या

मोबाईलवर लांब पोस्टचा वरचा तुकडाच दिसतो, साधारण तीन ओळी, मग "more". वाचणारा थांबेल की जाईल, हे तिथेच ठरतं. लिंक्डइन त्या थांबण्याची मोजणी करतं.

२०२० मध्ये लिंक्डइनच्या इंजिनिअरांनी ही मोजणी उलगडून सांगितली होती. पोस्टचा निदान अर्धा भाग स्क्रीनवर आला की घड्याळ सुरू होतं. तो झाला फीडवरचा वेळ. पोस्टवर क्लिक करून आत गेल्यावर जो वेळ जातो तो वेगळा मोजतात. कारणही त्यांनी दिलं होतं. लाईक-कॉमेंट फार थोडे लोक करतात, बाकीचे मुकाट वाचतात. क्लिक झाला तरी माणूस लगेच परत येऊ शकतो. म्हणून एका ठरावीक वेळेपेक्षा कमी थांबणं म्हणजे "वगळलं" असं धरून, वगळलं जाण्याची शक्यता मॉडेल आधीच वर्तवतं.

तुमच्यासाठी अर्थ असा, की न बोलणारा वाचकही मत देतो. मुंबईतले अनेक अनुभवी आर्किटेक्ट जन्मात लाईक दाबणार नाहीत, पण कामाचं असेल तर पूर्ण वाचतील. तेवढंही मोजलं जातं.

मैत्रिणीची जुनी सुरुवात अशी होती:

> आज एका अत्यंत महत्त्वाच्या विषयावर बोलू या. मुंबईतील जुन्या इमारतींची सुरक्षितता ही आपल्या सर्वांची जबाबदारी आहे. एक स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून मला नेहमी वाटतं की…

तीन ओळी संपल्या आणि वाचणाऱ्याला काहीच मिळालं नाही. बदललेली सुरुवात:

> स्टिल्टमधल्या कॉलमला उभा तडा. सोसायटीने प्लास्टर करून रंग मारला. पावसाळा संपेपर्यंत तडा त्याच जागी, त्याच रेषेत परत.
> कारण तडा प्लास्टरचा नव्हताच. आतली सळई गंजली होती.

पुढे तिने सांगितलं की गंजाला मूळ पोलादापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून सळई आतून काँक्रीट फोडते आणि तडा सळईच्या रेषेत धावतो. मग तपासणी: छोटी हातोडी मारून पोकळ आवाज येतो का ऐकायचं, आणि ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथेलीन टाकून बघायचं. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून सळईचं रक्षण करतंय, रंग आलाच नाही तर तिथपर्यंत कार्बोनेशन पोचलंय, म्हणजे ते रक्षण संपलंय. शेवटी एक प्रश्न: "तुमच्या ऑडिट रिपोर्टमध्ये कार्बोनेशनची खोली आणि सळईवरचं काँक्रीटचं कव्हर, दोन्ही आकडे शेजारी दिलेले असतात का?"

हा प्रश्न नीट बघा. "तुम्हाला काय वाटतं?" असा तो नाही. ज्याने रिपोर्ट हाताळलेत त्यालाच उत्तर देता येईल, आणि तसाच माणूस हवा होता. एका पीएमसीवाल्याने लांब कॉमेंट लिहिली, की आकडे असतात पण वेगवेगळ्या पानांवर, त्यामुळे कमिटीला संबंधच लागत नाही. त्याच्या कॉमेंटमुळे पोस्ट त्याच्या ओळखीच्यांच्या फीडमध्ये उमेदवार झाली, आणि त्याच्या ओळखीचे म्हणजे बांधकाम क्षेत्रातलेच लोक. वर्गमित्राच्या "ग्रेट पोस्ट!" ने ती आयटीवाल्यांकडे गेली असती.

भाषेबद्दल थोडं. मराठीत लिहू की इंग्रजीत, हे वाचक ठरवतो. ठाणे-डोंबिवलीच्या ठेकेदारांसाठी मराठी चांगली चालते, कॉर्पोरेट फॅसिलिटी मॅनेजर बहुधा इंग्रजीत वाचतो. फक्त एकाच पोस्टमध्ये अर्धं हे, अर्धं ते करून खाली पूर्ण भाषांतर जोडू नका. त्याने वरचा महत्त्वाचा तुकडा वाया जातो.

## ४. फॉरमॅट: मजकुराला जो लागेल तो

"पीडीएफ टाका, रीच दुप्पट" हा सल्ला सगळीकडे मिळतो. त्यामागचा तर्क असा, की पानं सरकवताना माणूस जास्त वेळ थांबतो. तर्क अर्धाच बरोबर आहे.

लिंक्डइनच्या २०२४ च्या एका शोधनिबंधात "दीर्घ थांबणं" कसं ठरवतात ते दिलं आहे. सगळ्या पोस्टांना एकच सेकंदांची पट्टी नसते. पोस्टचा प्रकार, फीडमधली जागा, मोबाईल की डेस्कटॉप यांनुसार गट पाडतात, आणि त्या गटातल्या इतरांच्या तुलनेत तुमच्या पोस्टवर माणूस जास्त थांबेल का हे बघतात. पट्टी दररोज नव्याने आखली जाते. म्हणजे पीडीएफची तुलना बरीचशी दुसऱ्या पीडीएफशी होते. दहा ओळींचा मजकूर वीस पानांवर पसरवला तर लोक तिसऱ्या पानावर निघून जातील, आणि तुम्ही कच्च्या पीडीएफवाल्यांत गणले जाल.

म्हणून मी असं ठरवते:

क्रमाने दाखवायचं असेल तर पीडीएफ. वरच्या तड्याचंच पुढे सहा पानांचं पीडीएफ केलं. तड्याचा फोटो, प्लास्टर काढल्यावर दिसलेली सळई, हातोडीने कुठे ठोकायचं, गुलाबी डाग, रिपोर्टमधले दोन आकडे शेजारी, आणि कमिटीने ऑडिटरला विचारायचे प्रश्न. इथे पान उलटायला कारण आहे. अक्षरं मोठी ठेवा. पीडीएफ लॅपटॉपवर बनवतो, पण वाचला जातो मोबाईलवर.

एकच गोष्ट सांगायची असेल तर मजकूर आणि एक खरा फोटो. नेटवरून घेतलेला पिवळ्या हेल्मेटवाला हसरा इंजिनिअर नको. तो बघून कुणीच थांबत नाही.

व्हिडिओ टाकलात तर खाली अक्षरं द्या. लोकलमध्ये बहुतेक जण आवाज बंद ठेवूनच बघतात.

बाहेरची लिंक टाकली की लिंक्डइन शिक्षा करतं, असं ठामपणे सांगणारे भेटतील. मी त्याकडे वाचकाच्या बाजूने बघते. "माझा नवा लेख वाचा" आणि खाली लिंक, एवढंच असेल तर फीडवर थांबायला काही नाहीच. मुद्दा पोस्टमध्येच पूर्ण सांगा, आणि ज्याला मूळ नियम वाचायचा आहे त्याच्यासाठी लिंक द्या.

पोल शक्यतो नको. २०२२ मध्ये लिंक्डइननेच जाहीर केलं होतं की लोकांना पोल जास्त झालेत म्हणून ते कमी दाखवणार. "सहमत असाल तर हृदय, नसाल तर दिवा" छापाच्या पोस्टांनाही तेव्हाच आळा घालायचं ठरलं.

## ५. वेळ: घड्याळापेक्षा कॅलेंडर

आता तो पहिला प्रश्न. फीड कालक्रमाने नसलं तरी ताजेपणा हा एक घटक आहेच, आणि पोस्ट टाकल्यावर जे आधी ॲप उघडतात त्यांचीच प्रतिक्रिया आधी येते. म्हणून तुमचा वाचक जागा आणि मोकळा असेल अशी वेळ धरा. साइटवरचे लोक सकाळी कामात गुंतलेले असतात, पण त्याआधी प्रवासात फोन हातात असतो. आयटीत शनिवार सुट्टीचा, बांधकामात बहुतेक ठिकाणी कामाचा. हे तुमच्या धंद्याप्रमाणे तुम्हालाच जास्त माहीत. शंका असेल तर ज्यांच्यापर्यंत पोचायचं आहे असे पाच-सहा जण घ्या आणि ते कधी कॉमेंट करतात ते बघा.

परदेशी ब्लॉगवरचे "मंगळवारी सकाळी १०" वगैरे तक्ते आंधळेपणाने उचलू नका. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे १० वाजतात तेव्हा मुंबईत संध्याकाळचे ७:३० किंवा ८:३० झालेले असतात.

पोस्ट आधीच लावून ठेवायची सोय लिंक्डइनमध्येच आहे, Post बटणाशेजारी घड्याळाचं चिन्ह असतं. पण ज्या तासात तुम्ही क्लायंटच्या मीटिंगमध्ये असाल त्या तासाला लावू नका.

तास-दोन तासांच्या फरकावर जितका विचार होतो, त्याच्या निम्माही महिन्यांवर होत नाही. मैत्रिणीच्या धंद्याचं वर्ष बघा. जून-जुलैत गळती सुरू होते, तेव्हा तडा आणि ओल हा विषय प्रत्येक कमिटीच्या डोक्यात असतो. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, म्हणून ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा खर्च सभेपुढे कसा मांडायचा ही चर्चा चालते. ऑक्टोबरनंतर पाऊस ओसरला की दुरुस्तीची कामं निघतात, तेव्हा ठेकेदाराचं कोटेशन कसं वाचायचं हे हवं असतं. तडा आणि सळईची पोस्ट मार्चमध्ये टाकली असती तर तेच लोक सरकवून गेले असते. मॉडेलला मान्सून कळतो की नाही, याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. माणसं थांबतात, तेवढं त्याला पुरतं.

"३० वर्षांवरच्या इमारतींना मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब प्रमाणे स्थैर्याचं प्रमाणपत्र लागतं" हा मजकूर मात्र बारमाही आहे. असं लिखाण कुणी आठवड्याने कॉमेंट केली तरी पुन्हा वर येऊ शकतं. पायरी १ मध्ये 1w लिहिलेल्या पोस्टा दिसल्या त्या अशाच.

## ६. टाकल्यानंतर

कॉमेंटना उत्तरं द्या, आणि उत्तरात काहीतरी भर घाला. पीएमसीवाल्याला "धन्यवाद सर" म्हणून सोडून न देता मैत्रिणीने विचारलं, की कमिटीला तुम्ही तो संबंध कसा समजावता? त्यावर तिथे आणखी दोघे आले.

नव्या माणसाला एक फायदाही असतो. २०१८ मध्ये लिंक्डइनच्या इंजिनिअरांनी लिहिलं होतं, की प्रतिक्रियांचा वाढता वाटा मोजक्या प्रसिद्ध लोकांकडे जाऊ लागला होता, तेव्हा त्यांनी क्रमवारीत आणखी एक गोष्ट घातली: वाचकाच्या प्रतिक्रियेचं लेखकाला किती मोल आहे. ज्याला फारसा प्रतिसाद मिळत नाही त्याला मिळालेली एक कॉमेंट पुन्हा लिहायला लावते, म्हणून तिला जास्त मोल. तेव्हापासून यंत्रणा बरीच बदलली आहे, पण लहान खात्यांना जागाच नाही असं समजून घाबरायचं कारण नाही.

सापळा: पॉड. "आमच्या ग्रुपमध्ये या, सगळे एकमेकांच्या पोस्टवर कॉमेंट करू." नको. बॉट किंवा एक्स्टेंशन लावून लाईक-कॉमेंट करणं लिंक्डइनच्या करारात सरळ निषिद्ध आहे, खातं अडकू शकतं. माणसांनी हाताने केलं तरी नुकसान आहेच. पॉडमध्ये विमा एजंट, लाइफ कोच, क्रिप्टोवाले असतात. त्यांच्या कॉमेंटमुळे पोस्ट त्यांच्या वर्तुळात जाते, तिथे कुणी थांबत नाही.

सापळा: टॅगांची माळ. संबंध नसलेल्या वीस जणांना टॅग केलं की बहुतेक जण प्रतिसाद देत नाहीत, काही जण टॅग काढून टाकतात. ज्याचा उल्लेख मजकुरात खरोखर आहे त्यालाच टॅग करा.

हॅशटॅग दोन-तीन पुरेत. पोस्ट कशाबद्दल आहे हे यंत्रणा मजकुरावरूनच ओळखते.

## ७. आकडे कधी आणि कसे बघायचे

पहिल्या तासाला सारखं बघू नका. आठवडाभराने एकदा बघा. पोस्टखालच्या ॲनालिटिक्समध्ये Impressions आणि Members reached असे दोन आकडे असतात. पहिला म्हणजे किती वेळा दिसली, दुसरा म्हणजे किती वेगळ्या माणसांना. समजा ९०० आणि ६०० आहेत, तर सरासरी प्रत्येकाच्या समोर दीड वेळा आली. पहिलाच आकडा बघून "९०० लोकांनी पाहिलं" म्हणणं चुकीचं, आणि दिसणं म्हणजे वाचणंही नव्हे.

मग खाली जा, जिथे बघणाऱ्यांची पदं, शहरं, कंपन्या दिलेल्या असतात. खरा हिशेब तिथे आहे. समजा तिच्या एका पोस्टचे Members reached २,००० आहेत, पदांत सॉफ्टवेअर इंजिनिअर सगळ्यात वर, शहरांत बंगळुरू पुढे. दुसरीचे ३५०, पण वर आर्किटेक्ट आणि प्रोजेक्ट मॅनेजर, शहर मुंबई. दुसरी यशस्वी. पहिलीने वर्गमित्रांना खूश केलं, तेही वाईट नाही, पण तिच्यासारख्या पोस्टा वाढवून काम येणार नाही.

यावरून पुढे काय करायचं ते असं. पदं चुकीची असतील तर पायरी २ वर जा, यादी किंवा प्रोफाइलची ओळ सुधारा. पदं बरोबर आहेत पण कॉमेंट नाहीत, सेव्ह नाहीत, कुणी प्रोफाइलही उघडलं नाही, तर पायरी ३ वर जा, पहिल्या ओळी कमी पडल्या. पदंही बरोबर आणि लोक सेव्ह करतायत पण लाईक मोजकेच, तर काही बदलू नका. कामाचं वाचणारे असेच वागतात. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

पोस्ट पडली म्हणून ती काढून त्याच दिवशी पुन्हा टाकणारे बरेच आहेत. आलेल्या दोन कॉमेंट त्यात जातात, आणि ज्यांनी सरकवून दिली होती त्यांच्यासमोर तीच पुन्हा येते. राहू द्या. तोच विषय सहा-आठ आठवड्यांनी दुसऱ्या फोटोने, दुसऱ्या तड्याने मांडा.

## ८. कंपनी पेज की स्वतःचं खातं?

फर्मच्या नावाचं पेज काढून तिथूनच लिहायचं, असं अनेक छोट्या फर्मच्या भागीदारांना वाटतं. नव्या पेजला फॉलोअर नसतात, आणि पेज दुसऱ्यांना माणसासारखी कनेक्शनची विनंती पाठवू शकत नाही. म्हणजे पायरी २ तिथे करताच येत नाही. मैत्रिणीने पेज ठेवलंय, त्यावर पत्ता, नोंदणी क्रमांक आणि कामांची यादी आहे. लिहिते ती स्वतःच्या नावाने.